कांजी, काना आणि शेवटची आडवी रेघ

जपानमध्ये राइस कुकर घेतला, की खोक्यात त्याच्यासोबत एक माहितीपुस्तिका येते आणि तिच्या पहिल्या काही पानांत वाफेविषयीची सूचना असते. तिचे शब्द साधारण असे असतात:

```
ふたを開けるときは、蒸気でやけどをしないように
注意してください。
```

उच्चार असा: "फुता ओ आकेरु तोकी वा, जोकी दे याकेदो ओ शिनाइ योनी, चूई शिते कुदासाई." अर्थ, "झाकण उघडताना वाफेने भाजणार नाही याची काळजी घ्या." हेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेनेही लिहिता येते:

```
蓋を開ける時は、蒸気で火傷をしない様に
注意して下さい。
```

दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचली तर ऐकणाऱ्याला काडीचाही फरक जाणवणार नाही. शब्द तेच, क्रम तोच, अर्थही तोच. दुसऱ्यात पाच शब्दांची लिपी तेवढी बदलली आहे. तरीही माहितीपुस्तिका लिहिण्याचा व्यवसाय करणारा जपानी माणूस दुसरे वाक्य छापायला पाठवणार नाही. का पाठवणार नाही, हे समजून घेतले तर जपानी लेखनातली एक मोठी शिस्त उलगडते.

जपानी मजकुरात तीन लिप्या एकाच ओळीत नांदतात. कांजी ही चिनी परंपरेतून आलेली चिन्हे. प्रत्येक चिन्ह अर्थ घेऊन येते आणि बहुतेकांचे एकाहून अधिक उच्चार असतात. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारदर्शक लिप्यांना मिळून काना म्हणतात. गोलसर वळणाच्या हिरागानात क्रियापदांचे प्रत्यय, विभक्तीसारखे जोडशब्द आणि कित्येक देशी शब्द लिहितात. कोनदार काताकाना मुख्यतः परभाषेतून आलेल्या शब्दांसाठी राखलेली आहे. म्हणजे राइस कुकरच्या पुस्तिकेत 'वाफ' कांजीत, 'झाकण' हिरागानात आणि 'हीटर' काताकानात, असे चित्र दिसते.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे बऱ्याच अंशी लिपी बदलल्यावरूनच कळते. कांजी आली की बहुधा नवा शब्द सुरू झाला आणि तिच्यामागून हिरागाना आली की त्या शब्दाचे शेपूट सुरू झाले, असे वाचणाऱ्याचे डोळे नकळत हेरत जातात. सगळे वाक्य हिरागानात लिहिले तर हा आधार नाहीसा होतो. जपानी शाळांमध्ये यासाठी एक जुने उदाहरण सांगतात:

```
ここではきものをぬいでください
```

"कोको दे, हाकिमोनो ओ" असे तोडले तर "इथे पादत्राणे काढा" असा अर्थ निघतो. "कोको देवा, किमोनो ओ" असे तोडले तर तीच अक्षरे "इथे अंगावरचा किमोनो काढा" असे सांगू लागतात. 'हाकिमोनो' हा शब्द कांजीत लिहिला की घोटाळा जागीच मिटतो. तेव्हा कांजी अवघड आणि काना सोपी, म्हणून लोकांसाठीच्या पुस्तिकेत सगळे कानात लिहावे, हा सरळ वाटणारा मार्ग चालत नाही. कुठला शब्द कांजीत ठेवायचा आणि कुठला कानात सोडायचा, हे शब्दागणिक ठरवावे लागते.

या निर्णयाला सरकारी यादीचा आधार असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली जपान सरकारने रोजच्या वापरासाठी १८५० कांजींची यादी ठरवली. १९८१ मध्ये तिची जागा १९४५ कांजींच्या 'जोयो कांजी' यादीने घेतली. २०१० मध्ये त्या यादीत १९६ कांजींची भर पडली, पाच वगळल्या गेल्या आणि संख्या २१३६ झाली. ही यादी कायद्यासारखी बंधनकारक नाही. कादंबरीकार हवी ती कांजी वापरू शकतो. पण वर्तमानपत्रे, सरकारी कागद आणि माहितीपुस्तिका हिला पायाभूत मानतात, कारण सक्तीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला काय वाचता येईल याचा तो सगळ्यात भरवशाचा अंदाज आहे.

यादीत कांजींसोबत त्यांचे मान्य उच्चारही दिलेले असतात, आणि नेमकी ही बाब नवख्या लेखकाच्या नजरेतून निसटते. आपल्या वाक्यातला 'याकेदो', म्हणजे भाजल्याची जखम, हा शब्द पाहा. कांजीत तो 'अग्नी' आणि 'जखम' या दोन चिन्हांनी लिहितात. दोन्ही चिन्हे सोपी, शाळेत शिकवलेली आणि यादीतलीही आहेत. पण ती जोडीने आल्यावर त्यांचा उच्चार 'याकेदो' करावा, हे यादीत कुठेच नाही. तो रूढीने चालत आलेला उच्चार आहे. त्या जोडीचा चिन्हागणिक होणारा उच्चार 'काशो' असा आहे आणि तोही वैद्यकात वापरला जाणारा खरा शब्द आहे. म्हणजे धोक्याच्या सूचनेतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाचताना वाचक क्षणभर अडखळू शकतो. हिरागानात 'याकेदो' लिहिला की एकच उच्चार उरतो. 'केगा', म्हणजे इजा, या शब्दाचीही हीच गोष्ट. म्हणून सुरक्षेच्या पानांवर हे दोन्ही शब्द बहुधा हिरागानात दिसतात.

'फुता', म्हणजे झाकण, या शब्दाचे कारण निराळे आहे. त्याची कांजी २०१० मध्ये यादीत आली, तेव्हा नियमाप्रमाणे ती वापरायला हरकत नाही. पण तिच्यात तेरा रेघा आहेत. पुस्तिकेतल्या बारीक टायपात, त्यातही आकृतीतल्या भागांच्या नावांमध्ये, त्या रेघा एकमेकींत मिसळून काळा ठिपका दिसू लागतो. शिवाय झाकणाचा उल्लेख पानापानावर येतो. त्यामुळे कित्येक कंपन्या हा शब्द कानातच ठेवतात, काही तर काताकानात. यादी परवानगी देते म्हणून कांजी वापरलीच पाहिजे असे नाही, हे या शब्दावरून कळते.

उरलेल्या तीन शब्दांना व्याकरणाचे कारण आहे. 'तोकी' हा शब्द घड्याळातली वेळ किंवा एखादा नेमका क्षण सांगत असेल तर तो कांजीत लिहायचा आणि 'असे झाल्यास', 'असे करताना' या अर्थाने आला तर हिरागानात, असा भेद काटेकोर जपानी गद्यात पाळतात. झाकण उघडताना, ही परिस्थिती झाली, म्हणून हिरागाना. 'कुदासाई' हे 'मला द्या' या मूळ अर्थाने आले तर कांजी चालते, पण दुसऱ्या क्रियापदाला जोडून केवळ विनंती दाखवत असेल तर हिरागाना. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने सरकारी कागदपत्रांसाठी जो कांजीविषयक आदेश काढला, त्यातही हा नियम आहे. 'योनी' या शब्दाचेही स्वतःचे वजन उरलेले नाही, तो फक्त जोडण्याचे काम करतो. शब्दाचा मूळ अर्थ विरून तो व्याकरणाच्या चाकरीला लागला, की त्याच्यावरची कांजी उतरवायची, असे हे तत्त्व आहे.

आता पहिले वाक्य पुन्हा पाहू. त्यात कांजी पाचच आहेत: 'उघडणे' या क्रियापदाची एक, 'वाफे'च्या दोन आणि 'काळजी घेणे' याच्या दोन. घाईत पान चाळणाऱ्याची नजर आधी या ठसठशीत चिन्हांवर पडते. उघडणे, वाफ, काळजी, एवढे तीन शब्द डोळ्यांत भरले तरी सूचनेचा गाभा पोचतो. दुसऱ्या वाक्यात अकरा कांजी आहेत आणि त्यांतल्या काही निव्वळ व्याकरणाच्या आहेत. तिथे नजर कुठे थांबवावी हे कळत नाही. जपानमध्ये उत्पादकाच्या दायित्वाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९५ च्या जुलैपासून लागू झाला. वस्तू चांगली असली तरी वापराची आवश्यक सूचना दिलेली नसेल किंवा पुरेशी नसेल, तर तोही दोष धरला जातो. हे माहीत असलेला लेखक सूचनेतले एकेक अक्षर तपासून घेतो.

लिपीची निवड एकेका शब्दापाशी संपत नाही, शेजारचा शब्दही पाहावा लागतो. कुकरची आतली कड पुसा आणि "त्यानंतर भाग बसवा" असे लिहायचे आहे, असे समजा. 'त्यानंतर' म्हणजे 'सोनोगो' आणि 'भाग' म्हणजे 'बुहिन'. दोन्ही कांजीत लिहून लागोपाठ ठेवले, की असे दिसते:

```
その後部品を取り付けます。
そのあと、部品を取り付けます。
```

पहिल्या ओळीत 'नंतर'ची कांजी आणि 'भाग'मधली पहिली कांजी शेजारी आल्या आणि त्यांचा मिळून 'कोबु', म्हणजे मागची बाजू, असा तिसराच शब्द तयार झाला. वाचक आधी "ती मागची बाजू" असे वाचतो, अडखळतो आणि परत मागे येतो. दुसऱ्या ओळीत 'नंतर' हा शब्द हिरागानात घेतला आणि पुढे स्वल्पविराम दिला. दोन शब्दांची फारकत झाली. वाक्य नीट आहे की नाही हे ओळखायची एक साधी कसोटी अशी, की ते लिहिण्यात सहभागी नसलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. जिथे तो थबकेल तिथे लिपी किंवा विराम बदलायला हवा.

काही वेळा लिपी बदलूनही भागत नाही. 'काएरु' हा उच्चार बदलणे आणि एकाच्या जागी दुसरे घालणे या अर्थच्छटांसाठी चार वेगवेगळ्या कांजींनी लिहितात. सेटिंग बदलणे आणि जुने रबर काढून नवे घालणे यांना लेखनात वेगळ्या कांजी लागतात, आणि दुसऱ्या अर्थासाठी तर दोन कांजींमध्ये निवड करताना जपानी माणूसही घुटमळतो. तिथे अनुभवी लेखक क्रियापदच बदलतो. रबर बदलायचे तर 'कोकान सुरु', म्हणजे 'नवीन घालून बदलणे', असे स्पष्ट म्हणतो. असेच 'उघडणे' या क्रियापदाचे एक रूप 'आकु' आणि 'हिराकु' असे दोन प्रकारे वाचता येते. म्हणून 'झाकण आपोआप उघडते' असे वाक्य लिहिताना तो वाचन एकच होईल असे रूप शोधतो.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच्या नावातही निवड दडलेली असते. 'माहितीपुस्तिका' याला जपानीत 'तोरिअत्सुकाई सेत्सुमेइशो' म्हणतात:

```
取扱説明書
取り扱い
```

पहिल्या ओळीत पाच कांजी आहेत आणि एकही हिरागाना नाही. पण आतल्या पानावर 'वापर, हाताळणी' या अर्थाने तोच 'तोरिअत्सुकाई' शब्द सुटा आला, की मधे आणि शेवटी हिरागाना लावून दुसऱ्या ओळीसारखा लिहितात. हिरागानाची ही शेपटे कुठे लावायची, याची सरकारी सूचना १९७३ ची आहे. रूढ झालेल्या जोडनामांत ती गाळता येतात, इतरत्र ठेवायची. म्हणून मुखपृष्ठ आणि आतले पान यांतला हा फरक चूक नसतो. आतल्या पानांमध्येच दोन रूपे मिसळली तर मात्र तो गलथानपणा ठरतो.

इथून आपण काताकानाकडे येतो, आणि त्या एका आडव्या रेघेकडे. मराठीत हाक मारताना "आईऽ" असे अवग्रह देऊन स्वर लांबवतात. काताकानात तेच काम ही रेघ करते, म्हणून तिच्यासाठी इथे अवग्रहच वापरतो. जपानीत स्वर लांबला की शब्द बदलतो. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बिऽरु' म्हणजे बिअर. शब्दाच्या पोटातली रेघ म्हणूनच कुणी गाळत नाही. वाद आहे तो शब्दाच्या शेवटी येणाऱ्या रेघेचा, आणि तोही मुख्यतः हीटर, टायमर, सेन्सर, प्रिंटर अशा 'र'ने संपणाऱ्या इंग्रजी शब्दांत. जपानी कान तो शेवट लांब 'आ' असा ऐकतो. मग शेवटी रेघ द्यायची की नाही?

```
ヒーター
ヒータ
```

पहिले 'हिऽताऽ', दुसरे 'हिऽता'. जपानमध्ये दोन्ही छापले जातात आणि दोन्हींच्या पाठीशी अधिकृत आधार आहे.

पहिला आधार मंत्रिमंडळाने जून १९९१ मध्ये काढलेल्या परकीय शब्दांच्या लेखनाविषयीच्या सूचनेचा. तिच्यानुसार अशा इंग्रजी शब्दांच्या शेवटी तत्त्वतः रेघ द्यायची, पण रूढी असेल तर ती गाळता येते. लिफ्टसाठीचा 'एरेबेऽताऽ' आणि संगणकासाठीचा शब्द या सूचनेत रेघेसह आणि रेघेविना, अशा दोन्ही रूपांत उदाहरण म्हणून आले आहेत. वर्तमानपत्रे आणि सामान्य वाचकांसाठीची प्रकाशने रेघ देतात.

दुसरा आधार कारखान्याकडचा. जपानची औद्योगिक मानके कोणत्या पद्धतीने लिहावीत हे सांगणारे एक मानक आहे, 'जिस झेड ८३०१'. त्याच्या परिशिष्टात मोजणीचा नियम होता. शेवटची रेघ बाजूला ठेवून शब्दाचे ध्वनी मोजायचे. तीन किंवा अधिक भरले तर रेघ गाळायची, दोन किंवा कमी भरले तर ठेवायची. मोजताना शब्दाच्या मधली रेघ हा एक ध्वनी. अनुस्वारासारखा नासिक्य आणि जोडाक्षरातल्यासारखा अडवलेला उच्चार, हेही एकेक ध्वनी. 'शा'सारखी जोडी मात्र मिळून एकच.

हा नियम राइस कुकरच्या भागांना लावून पाहू. हीटर: 'हि', रेघ, 'ता', तीन ध्वनी झाले, शेवटची रेघ गेली. टायमर: 'ता', 'इ', 'मा', तीन, रेघ गेली. सेन्सर: 'से', 'न', 'सा', तीन, रेघ गेली. बझर: 'बु', 'झा', दोनच, रेघ राहिली. कव्हर: 'का', 'बा', दोन, रेघ राहिली. म्हणजे मानकानुसार केलेल्या सुट्या भागांच्या यादीत हीटर, टायमर आणि सेन्सर रेघेविना दिसतील, तर बझर आणि कव्हर रेघेसह. बाहेरच्या माणसाला यात काही सूत्र दिसणार नाही, पण यादी करणाऱ्या अभियंत्याने नियम अगदी काटेकोरपणे पाळलेला असतो. लांब शब्द रेघेविनाही ओळखू येतो आणि आखूड शब्दाला रेघेचा आधार लागतो, एवढा विचार या मोजणीच्या मुळाशी दिसतो. शिवाय काताकानात रेघ एका अक्षराएवढी जागा खाते. आठ अक्षरांच्या छोट्या पडद्यावर किंवा नकाशातल्या अरुंद चौकटीत ती वाचवली तर उपयोगच होतो. हा नियम खरे तर मानकांच्या मसुद्यांसाठी होता, पण अभियंत्यांच्या हाताला तोच वळणाचा झाला आणि तिथून संगणकाच्या जगातही गेला.

त्यामुळे बरीच वर्षे दोन जगे शेजारी शेजारी राहिली. दुकानातल्या जाहिरातीत 'पुरिन्ताऽ' आणि संगणकाच्या पडद्यावर 'पुरिन्ता'. जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जपानी कंपनीने जाहीर केले, की आपल्या उत्पादनांमध्ये आता १९९१ च्या सूचनेला धरून शेवटची रेघ टप्प्याटप्प्याने देणार. संगणक आता सगळ्या लोकांच्या हातात गेला होता आणि लोक रेघ देत होते. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांची जपानी संस्था, टेक्निकल कम्युनिकेटर असोसिएशन, तिच्या काताकाना मार्गदर्शिकेतही अशा शब्दांना रेघ देण्याकडेच कल आहे. पुढे २०१९ मध्ये झेड ८३०१ सुधारले गेले, तेव्हा मोजणीचा नियम मागे पडला आणि मानकानेही मंत्रिमंडळाच्या सूचनेचा आधार घेतला. पण जुनी मानके, जुने नकाशे आणि जुन्या भागांची नावे एका दिवसात बदलत नाहीत. आजही राइस कुकरचा नकाशा 'हिऽता' म्हणतो आणि पुस्तिका 'हिऽताऽ' म्हणते, असे घडू शकते.

रेघ 'देऊ' असे ठरवल्यावरही प्रत्येक शब्दाला ती लागत नाही. डेटा, कॅमेरा यांचा शेवट इंग्रजीतच आखूड 'आ' आहे, तिथे रेघेचा प्रश्नच नाही. एंजिनिअर हा शब्द 'र'ने संपतो, पण जपानीत तो 'एन्जिनिआ' असा रेघेविना रुळला आहे. बॅटरीसारख्या 'ई'ने संपणाऱ्या शब्दाला बहुधा रेघ देतात, सिक्युरिटीला बहुधा देत नाहीत. म्हणून नियमाच्या जोडीला शब्दांची यादी लागतेच. पुस्तिकेच्या कामात पहिल्याच टप्प्याला अशी यादी करतात. तिच्यात प्रत्येक शब्दाचे स्वीकारलेले रूप, टाळायचे रूप आणि अपवाद लिहून ठेवतात.

या यादीत अग्रक्रम ठरलेला असतो. यंत्रावर आणि पडद्यावर जे छापले आहे ते सगळ्यात वर. कुकरच्या बटणावर 'ताइमा' असे रेघेविना कोरलेले असेल, तर "हे बटण दाबा" असे सांगताना पुस्तिकेला ते अवतरणात जसेच्या तसे द्यावे लागते, मग बाकीच्या मजकुरात 'ताइमाऽ' का असेना. वाचकाच्या एका हातात पुस्तिका असते आणि दुसरा हात बटणावर. त्याला दोन्हीकडे तीच अक्षरे दिसली पाहिजेत. त्याखालोखाल विशेषनामे. कॅनन कंपनी आपले नाव काताकानात लिहिताना लहान 'या'ऐवजी मोठा 'या' वापरते, उच्चार मात्र 'क्यानोन' असाच होतो. लेखनाचा कुठलाही सामान्य नियम लावून ते नाव सुधारायचे नसते. या दोन गोष्टी सांभाळल्यावर उरलेल्या मजकुराला कंपनीची शैली लागू होते.

खरी पडझड होते ती जुन्या पुस्तिकेला नव्या शैलीत आणताना. कुणीतरी संगणकाला सांगतो, 'मोनिता'च्या जागी सगळीकडे 'मोनिताऽ' घाल. क्षणात काम होते आणि नंतर तपासताना हे सापडते:

```
モニター     → モニターー
モニタリング → モニターリング
```

जिथे आधीच रेघ होती तिथे दोन रेघा झाल्या. आणि 'मॉनिटरिंग' या वेगळ्या शब्दाच्या पोटात नको ती रेघ घुसली. तिथे 'ता' आखूडच असतो. फिल्टर आणि फिल्टरिंग या जोडीतही हाच सापळा आहे. म्हणून शोध घेतानाच पुढची अक्षरे पाहायला सांगावे लागते:

```
モニタ(?!ー|リング)
```

याचा अर्थ, 'मोनिता' शोध, पण त्याच्या लगेच पुढे रेघ किंवा 'रिंगु' असेल तर सोडून दे. मग जे सापडेल त्यातले एकेक ठिकाण माणसाने पाहून बदलायचे, कारण बटणावरची आणि पडद्यावरची नावे यातही सापडतात आणि ती तशीच ठेवायची असतात.

दुसरा दोष याहून लपून बसणारा आहे. दिसायला या रेघेसारखी असलेली चिन्हे संगणकात अनेक आहेत:

```
ー  一  −  ―
```

पहिली खरी दीर्घ रेघ, दुसरी 'एक' या आकड्याची कांजी, तिसरे उणे चिन्ह आणि चौथा विरामासाठीचा लांब डॅश. छापलेल्या पानावर फरक सहज कळत नाही. पण जुन्या छापील पुस्तिकेतून संगणकाने ओळखून घेतलेल्या मजकुरात रेघेच्या जागी 'एक' बसला असेल, तर शोध तो शब्द कधीच दाखवणार नाही. नजरेला शब्द समोर दिसतो आणि संगणक मात्र "सापडला नाही" म्हणतो, तेव्हा आधी ही रेघ तपासावी.

शोधाचा हा मुद्दा वाचकालाही लागू पडतो. पुस्तिका आता बऱ्याचदा पीडीएफ रूपात मिळते. तिच्यात 'हिऽता' शोधले तर रेघ असलेले आणि नसलेले दोन्ही शब्द सापडतात, कारण आखूड रूप लांब रूपाच्या पोटात असते. 'हिऽताऽ' शोधले तर रेघ नसलेले सुटतात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची आणि कारखान्यांसाठी जपानी कागदपत्रांचे भाषांतर करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना हे रोज उपयोगी पडेल. कागद नवा असो की जुना, आखूड रूपाने शोधावे आणि यंत्राच्या नकाशातले नाव पुस्तिकेतल्या नावाशी जुळत नसेल, तर वेगळा भाग समजण्याआधी शेवटची रेघ मनातल्या मनात काढून पाहावी. कांजीच्या बाबतीतही तसेच: नकाशात कांजीत असलेले झाकण पुस्तिकेत हिरागानात असू शकते, म्हणून दोन्ही रूपांनी शोधावे.

भाषांतर करताना याच्या उलट सावधगिरी लागते. एकाच पुस्तिकेत एका पानावर 'सेन्सा' आणि दुसऱ्यावर 'सेन्साऽ' दिसले, तर ते दोन भाग असण्याची शक्यता फार कमी, पण शून्य नाही; एक नाव पडद्यावरचे आणि दुसरे भागाचे असू शकते. असे ठिकाण नोंदवून पुस्तिका लिहिणाऱ्याला विचारावे. जपानमध्ये या दोलायमान लेखनाला 'ह्योकी-युरे' म्हणतात, म्हणजे लेखनातली डळमळ, आणि ती काढून टाकणे हे तपासणीतले ठरलेले काम असते.

यात बरोबर-चुकीचा प्रश्न फार थोड्या ठिकाणी येतो. 'हिऽता' चूक नाही आणि 'हिऽताऽ'ही नाही. झाकणाची कांजी चूक नाही आणि त्याची हिरागानाही नाही. पण माहितीपुस्तिकेचा वाचक भाषेचा अभ्यास करायला बसलेला नसतो. अक्षरे वेगळी दिसली की वस्तूही वेगळी असेल, असे तो धरून चालतो आणि यंत्र वापरणाऱ्या माणसाने तसे धरणे रास्तच आहे. म्हणून लेखकाने कांजी, काना आणि रेघ यांची निवड एकदा विचार करून करावी, ती यादीत लिहून ठेवावी आणि मग शेवटच्या पानापर्यंत पाळावी. झाकण उघडताना हात कुठे ठेवायचा, एवढाच प्रश्न मग वाचकासमोर उरतो, आणि पुस्तिका त्याला त्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असते.